आरोग्याच्या गोष्टी : अंग धरलं की सुजलं?

समजा, यवतमाळकडची एक बाई कापूस वेचते, आणि गुडघेदुखीवर वर्षभर स्टेरॉइडची गोळी घेते आहे. चेहरा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र बारीक. शेजारीण म्हणते, अंग धरलं! हा कॉर्टिसोलचा अतिरेक.

मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या सालीला तीन थर असतात. बाहेरचा अल्डोस्टेरॉनने मीठ राखतो, मधला कॉर्टिसोल करतो, आतला पुरुषी संप्रेरके. गोळी येत राहिली की मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम थांबतो, मधला थर सुकतो. अशात गोळी एकदम सोडली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली, जीवही जातो. म्हणून ती डॉक्टरांकडून हळूहळूच उतरवावी.

क्षयाने दोन्ही ग्रंथी पोखरल्या तर हुकूम उलट वाढतो, त्याने कातडी व हिरड्या काळवंडतात, मीठ खावेसे वाटते. आपल्या बाईला तसे होत नाही.