काठ-पदर आज, अंग दिवाळीला

साडीच्या दुकानातील गादीवर नारायणपेठची घडी उलगडली जाते आणि शेठजी भाव सांगतात, अठ्ठावीसशे पन्नास. तीस वर्षांच्या गिऱ्हाईक असलेल्या काकू साडीवरून हात फिरवीत विचारतात, "जर सोन्याची आहे की काय?" शेठजी म्हणतात, "सोन्याची असती तर मीच नेसून बसलो नसतो का?" काकू दोन हजार म्हणतात. शेठजी गंभीर चेहऱ्याने मुलाला सांगतात, "दोन हजारांत काठ आणि पदर बांध. मधले अंग काकू दिवाळीला नेतील." काकूंचे उत्तर तयार असते, "अंगच द्या. काठ राहू द्या तुमच्याकडे, दुकानाला तोरण होईल."

असा संवाद कोणत्याही गावातील जुन्या बाजारपेठेत ऐकू येतो. बाहेरून तो केवळ करमणुकीचा वाटतो, परंतु त्यात व्यवहाराचे एक पाऊल पुढे पडलेले असते. दोन हजारांना शेठजींनी नकार दिला, तरी ‘नाही’ हा शब्द उच्चारला नाही. ‘परवडत नाही’ असे तोडून सांगितले असते, तर काकूंना पुढचा आकडा बोलणे म्हणजे माघार घेणे वाटले असते. आता त्या हसत हसत चोवीसशेवर येतात आणि कोणाचीच मान खाली जात नाही.

शेठजी इतके निर्धास्त थट्टा करू शकतात, कारण त्यांची नजर आधीच साडीच्या चिठ्ठीवर गेलेली असते. दहा निरनिराळी अक्षरे दहा अंकांसाठी ठरवून खरेदीची किंमत सांकेतिक लिपीत लिहिण्याची रीत अनेक दुकानांत आहे. समजा, त्या अक्षरांचा अर्थ बावीसशे असा आहे. भाडे, पगार आणि माल पडून राहिल्याचे व्याज धरून आणखी अडीचशे. म्हणजे साडेचोवीसशेच्या खाली उतरणे नाही. ही मर्यादा ठाऊक नसलेला नवखा विक्रेता थट्टेच्या भरात आकडा बोलून बसतो, आणि मग त्याला शब्द फिरवावा लागतो. गिऱ्हाईकाला खरा राग येतो तो तेव्हा.

चोवीसशे ऐकून शेठजी म्हणतात, "तुमच्या सासूबाई माझ्या वडिलांशी पन्नास रुपयांसाठी तासभर भांडत. तुम्ही साडेचारशे मागता. घराण्याचे नाव वाढवलेत!" या वाक्याने भाव उतरत नाही, पण दोन घरांची ओळख मध्ये येऊन बसते. शेवटी साडेसव्वीसशेवर सौदा ठरतो आणि फॉल-बिडिंग दुकानाकडे लागते. शेठजींना दोनशे उरतात, त्यातून फॉलचे जातील. काकूंच्या हिशेबी मात्र दोनशे सुटले आणि शिलाईही वाचली.

या थट्टेला अलिखित मर्यादा आहेत. ती मालावर चालते, भावावर चालते, दुकानदाराने स्वतःवर केलेली तर सर्वांत उत्तम. गिऱ्हाईकाच्या ऐपतीवर, रंगावर किंवा वहीतील उधारीवर ती कधीही चालत नाही. शिवाय अधिकार दोन्हीकडे सारखा नसतो. काकू शेठजींना ‘लुटारू’ म्हणू शकतात, शेठजींनी मात्र ‘कंजूष’ हा शब्द हसूनही वापरायचा नाही. सोबत विहीणबाई असतील, तर काठ-पदराचा विनोद गिळून टाकावा, कारण त्यांच्यासमोर काकूंना काटकसरी ठरायचे नसते. आणि अखेरचा आकडा मोठ्याने न सांगता कागदावर लिहून पुढे सरकवावा. शेजारी बसलेल्या बाईंनी तशीच साडी पूर्ण भावाने घेतलेली असू शकते.

‘खरेदीच्याच भावात देतो’ हे वाक्य पुष्कळ जण थट्टा म्हणून खपवतात, पण ते गंभीर चेहऱ्याने बोलले जाते आणि खरे नसते. त्याला विनोद म्हणणे कठीण आहे. काठ-पदर वेगळा बांधून मिळेल असे कोणीही समजत नाही, खरेदीच्या भावावर मात्र भोळे गिऱ्हाईक विश्वास ठेवते.

थट्टा बोचल्याचे गिऱ्हाईक क्वचितच बोलून दाखवते. हसू किंचित उशिरा येते, प्रत्युत्तर थांबते, कापडावरचा हात पर्सकडे जातो आणि ‘घरी विचारून येते’ असे शब्द निघतात. जाणता दुकानदार तेथेच विनोद सोडतो, आपला शेवटचा भाव सरळ सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर ठेवतो. त्या वेळी आणखी एक विनोद करून सावरू पाहणारा गिऱ्हाईक कायमचे गमावतो.

आता अनेक दुकानांत ‘एकच भाव’ची पाटी लागली आहे. मुलाने संगणकावर बिल करायला घेतले की वडिलांना आकडा हलवता येत नाही. जुनी गिऱ्हाइके त्यावरही वाट काढतात. पाटीखाली बसून काकू शांतपणे म्हणतात, "भाव एकच ना? हरकत नाही. पिशव्या मात्र दोन द्या."