तलाकमधील संयम : नीती की अट?

भिवंडीतील मुसलमान समाज एकजिनसी नाही, हे तेथे यंत्रमाग कामगारांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. एकीकडे शतकानुशतके येथे राहणारे कोकणी मुसलमान आहेत, तर दुसरीकडे १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून येत राहिलेले मोमीन विणकर. बोली, खाणे आणि लग्नाच्या चालीरीती यांत दोघांमध्ये फरक आहे, आणि तेवढाच फरक धर्मशास्त्राच्या परंपरेतही आहे. कोकणी मुसलमान शाफई परंपरा मानतात, मोमीन हनफी. परिणामी एकाच शहरातील दोन मोहल्ल्यांत तलाकचे नियम तपशिलात एक नाहीत. तलाकच्या प्रश्नावर भाषणे पुष्कळ होतात, पण या तपशिलाकडे कोणी वळत नाही. पीडित स्त्रीचे हित मात्र बहुधा तपशिलातच अडकलेले असते.

अभिजात धर्मशास्त्राने पतीकडून होणाऱ्या तलाकचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘अहसन’, म्हणजे सर्वांत चांगला. स्त्रीची मासिक पाळी संपून ती शुद्ध झाली की त्या शुद्धिकाळाला ‘तुहर’ म्हणतात. ज्या तुहरात पतिपत्नींचा संबंध आलेला नाही, अशा तुहरात पतीने एकदाच तलाकचा उच्चार करावयाचा आणि मग थांबावयाचे. हे थांबणे म्हणजे इद्दत. इद्दतीत पती तलाक मागे घेऊ शकतो; या कृतीला ‘रजअत’ म्हणतात. त्याने तसे केले नाही तर इद्दत संपताच विवाह संपतो. तथापि पुढे दोघांचे मन वळले, तर नवा निकाह आणि नवा मेहर करून ते पुन्हा एकत्र येऊ शकतात. दुसरा प्रकार ‘हसन’. त्यात लागोपाठच्या तीन तुहरांत एकेक उच्चार होतो आणि तिसऱ्या उच्चारानंतर परतीचा रस्ता बंद होतो. तिसरा प्रकार ‘बिदअत’, म्हणजे एका दमात तीन तलाक. यात इद्दत पाळावी लागते, पण रजअत उरत नाही. विचाराला जागा मिळावी म्हणून जो काळ ठेवला होता, त्यातला विचारच येथे बाद होतो.

उच्चार शुद्धिकाळातच का, पाळीच्या दिवसांत का नाही? या नियमामागे हिशेब आहे. पाळी चालू असताना उच्चारलेला तलाक इद्दत विनाकारण लांबवतो, कारण ती अर्धवट पाळी मोजणीत धरली जात नाही. शिवाय त्या दिवसांतील दुराव्याने व चिडचिडीने निर्णय होऊ नये, हाही हेतू टीकाकारांनी सांगितला आहे. अब्दुल्ला इब्न उमर यांनी पत्नीला पाळीच्या काळात तलाक दिला, तेव्हा पैगंबरांनी तिला परत घेण्यास सांगितले, ही हदीस सर्वच परंपरांना मान्य आहे.

इद्दतीची मोजणी एका उदाहरणाने पाहू. समजा, एका स्त्रीचा शुद्धिकाळ बावीस दिवसांचा आणि पाळी सहा दिवसांची आहे. तिचा तुहर १ जानेवारीला सुरू झाला आणि पतीने १० जानेवारीला एकच तलाक उच्चारला. तिच्या पुढच्या पाळ्या २३ ते २८ जानेवारी, २० ते २५ फेब्रुवारी आणि २० ते २५ मार्च अशा येतील. कुराणात यासाठी ‘कुरू’ हा शब्द आहे आणि तीन कुरू थांबा अशी आज्ञा आहे. हनफी पंडित त्याचा अर्थ पाळी असा करतात. म्हणून मोमीन कुटुंबात तिसरी पाळी संपते तेव्हा, म्हणजे २५ मार्चच्या सुमारास, इद्दत पुरी होते. शाफई पंडितांच्या मते कुरू म्हणजे शुद्धिकाळ आणि ज्यात तलाक उच्चारला तो उरलासुरला तुहरही पहिला धरला जातो. म्हणून कोकणी कुटुंबात तिसरी पाळी सुरू होताच, २० मार्चला, इद्दत संपते. स्त्री गरोदर असेल तर दोन्हीकडे प्रसूतीपर्यंत थांबावयाचे; पाळी येतच नसेल तर तीन चांद्र महिने. विवाहानंतर पतिपत्नी एकत्र आलेच नसतील तर इद्दतच नाही.

पाच-सहा दिवसांचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण २२ मार्चला पतीने ‘मी तलाक मागे घेतो’ असे म्हटले तर मोमीन स्त्री अजून त्याची पत्नी आहे आणि कोकणी स्त्री नाही. रजअतीच्या रीतीतही भेद आहे. हनफी मतानुसार इद्दतीत पतिपत्नींचा संबंध आला तरी तलाक मागे घेतला गेला असे ठरते. शाफई मतानुसार तसे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते. दोन्ही परंपरांत हा अधिकार पतीचा एकट्याचा आहे आणि स्त्रीची संमती लागत नाही. तथापि इद्दतीच्या काळात तिला घराबाहेर काढू नये, अशी आज्ञा कुराणाच्या ‘तलाक’ नावाच्याच सूरेत आहे. एका छपराखाली तीन महिने राहिल्यास राग निवळेल, ही त्यामागील अपेक्षा उघड आहे. भिवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, सासरच्या माणसांसह, हे राहणे कसे असते याचा विचार मात्र शास्त्रकारांनी केला नव्हता.

सलोख्याचा प्रयत्न हे दुसरे संरक्षण. कुराणाच्या ‘निसा’ सूरेतील पस्तिसावी आयत सांगते की, पतिपत्नींत फूट पडण्याची भीती असेल तर एक लवाद पतीच्या कुटुंबातून आणि एक पत्नीच्या कुटुंबातून नेमावा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अभिजात हनफी व शाफई शास्त्रात हे लवाद सल्लागार आहेत. पक्षकारांनी अधिकार दिल्याखेरीज ते विवाह मोडू शकत नाहीत, आणि त्यांना न बोलावता उच्चारलेला तलाकही शास्त्राच्या दृष्टीने लागू होतो. मालिकी परंपरेने त्यांना अधिक अधिकार दिले आहेत. बिदअतचेही तसेच. हनफींनी त्याला पाप म्हटले, पण परिणामकारक मानले; शाफईंनी तर ते पापही मानले नाही. म्हणजे ज्याला आपण संरक्षण म्हणतो, त्याचा बराचसा भाग नीतीचा उपदेश होता, कायद्याची अट नव्हती. धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट पण कायद्याने वैध, अशी स्थिती मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ साली साराबाई विरुद्ध राबियाबाई खटल्यात नोंदवली आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे ती टिकली.

महाराष्ट्रात ती बदलली २००२ साली. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पत्नीने पोटगी मागितली तेव्हा पतीने आपण तिला पूर्वीच तलाक दिल्याचे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने ठरवले की, नुसते तसे लिहून देणे पुरेसे नाही. तलाकचे कारण, सलोख्याचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष उच्चार या गोष्टी पतीने पुराव्याने सिद्ध केल्या पाहिजेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हेच सूत्र देशभर लागू केले. त्या खटल्यात पतीने ५ डिसेंबर १९९० च्या कैफियतीत आपण ११ जुलै १९८७ रोजीच तलाक दिल्याचा दावा केला होता. तो कोणासमोर दिला, पत्नीला कळवला काय, याचा काहीच पुरावा नव्हता. न्यायालयाने सांगितले की, तलाक वाजवी कारणासाठी हवा आणि त्यापूर्वी दोन्ही कुटुंबांच्या लवादांमार्फत सलोख्याचा प्रयत्न झालेला हवा. जो उपदेश होता, त्याची अट झाली. न्यायालयांच्या या कामगिरीचे मोल २०१७ च्या गाजलेल्या निकालाहून कमी नाही.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी बिदअत रद्द केला. २०१९ च्या कायद्याने तो उच्चारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. पण जो तलाक लागूच होत नाही, तो उच्चारल्याबद्दल पती तुरुंगात गेला तर मागावरची मजुरी थांबते आणि पोटगी देणार कोण, हा अर्थशास्त्राचा साधा प्रश्न त्या कायद्याने सोडवला नाही. शिवाय हा कायदा अहसन आणि हसन यांना हात लावत नाही. पतीने एकच उच्चार केला आणि तीन महिने स्वस्थ बसला, तर कोठेही नोंद न होता विवाह संपतो. २००२ च्या अटी आहेत, पण त्या तपासल्या जातात केव्हा? स्त्री वकील गाठून न्यायालयात पोहोचेल तेव्हा. जी पोहोचत नाही, तिच्यासाठी त्या अटी कागदावरच राहतात.

मेहराची गोष्टही यातलीच. मेहराचा काही भाग लग्नाच्या वेळी न देता पुढे ढकलण्याची प्रथा आहे. तो तलाकच्या वेळी देय होतो. शास्त्रकारांच्या मनात हा पतीच्या घाईला लावलेला आर्थिक लगाम होता. पण वीस वर्षांपूर्वी ठरलेला आकडा महागाईबरोबर वाढत नाही. रक्कम क्षुल्लक उरते आणि लगाम सैल पडतो.

मग करावयाचे काय? पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने तलाक उच्चारणाऱ्या पतीवर स्थानिक मंडळाच्या अध्यक्षाला लेखी सूचना देण्याची आणि तिची प्रत पत्नीला देण्याची सक्ती केली. सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत समेटासाठी लवाद मंडळ नेमावयाचे असते आणि नव्वद दिवसांपर्यंत तलाक लागू होत नाही. इजिप्तने १९२९ सालीच एका बैठकीतील अनेक तलाक एकच मानले. आपल्याकडे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने हनफी स्त्रियांना मालिकी परंपरेतील आधार उपलब्ध करून दिले; त्यामुळेच दोन वर्षे पोटगी न देणाऱ्या किंवा चार वर्षे बेपत्ता असलेल्या पतीपासून तिला न्यायालयातून सुटका मिळते. एका परंपरेतील चांगले दुसरीला देता येते, याचे हे देशी उदाहरण आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हाची मागणी समान कायद्याची होती, आणि ती आजही न्याय्य आहे. ती पुरी होईपर्यंत निदान एवढे व्हावे : कोणत्याही प्रकारचा तलाक लेखी सूचनेने सुरू व्हावा, सूचनेत दोन्ही लवादांची नावे असावीत, तिची नोंद सरकारी कार्यालयात व्हावी आणि मेहर व पोटगी चुकती झाल्याखेरीज तो पुरा होऊ नये.

तोवर आपल्या भिवंडीतील कार्यकर्त्यांकडे एखादी स्त्री आली, तर त्यांनी ‘तलाक झाला’ हे वाक्य गृहीत धरू नये. उच्चार कोणत्या तारखेला झाला, कोणासमोर झाला, तिला कसा कळला, तेव्हा ती पाळीत होती काय, दोन्ही घरांची माणसे त्याआधी बसली होती काय, कुटुंब हनफी की शाफई, हे विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. कित्येकदा या प्रश्नांची उत्तरे मांडली असता असे दिसते की, ती स्त्री कायद्याने अजून विवाहित आहे आणि तिच्या पोटगीचा हक्क शाबूत आहे.