बिघा म्हणजे नेमका किती? खरेदीखतात चौरस मीटरच लिहा

उत्तर प्रदेशातून मुंबई-पुण्याकडे आलेल्या अनेक कष्टकरी कुटुंबांची गावाकडे थोडीफार जमीन असते. मुलीचे लग्न, आजारपण किंवा इथल्या खोलीची डिपॉझिटची रक्कम यासाठी ती विकायची वेळ येते. व्यवहार तोंडी ठरतो बिघ्यात. आमचे म्हणणे असे की बिघा हा शब्द बोलण्यात राहू द्या, पण बैनाम्यात, म्हणजे आपल्या भाषेत खरेदीखतात, त्याच्या भरवशावर सही करू नका. कारण बिघा एक नाही.

कागदोपत्री जो पक्का बिघा मानतात, तो १६५ फूट लांब जरीबेने, म्हणजे मोजणीच्या साखळीने, ठरलेला आहे. १६५ फूट म्हणजे ५५ यार्ड. ५५ गुणिले ५५ म्हणजे ३,०२५ चौरस यार्ड. एकरात ४,८४० चौरस यार्ड असतात, म्हणून पक्का बिघा ०.६२५ एकर भरतो. एक चौरस यार्ड म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर, त्या हिशोबाने हे क्षेत्र सुमारे २,५२९ चौरस मीटर होते. आपल्याकडच्या वाचकांना सोपे सांगायचे तर ३३ बाय ३३ फुटांचे बरोबर २५ गुंठे.

पण पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक गावांत लोक बोलतात तो कच्चा बिघा. तो बहुतेक ठिकाणी पक्क्याच्या एक तृतीयांश धरतात: सुमारे ८४३ चौरस मीटर, म्हणजे सव्वाआठ गुंठ्यांच्या थोडे वर. हा तिसरा हिस्साही सगळीकडे सारखा नाही. म्हणून इंटरनेटवरचा तयार आकडा उचलून गुणाकार करणे धोक्याचे आहे.

हा फरक कसा अंगावर येतो ते पाहा. समजा एका कुटुंबाकडे खतौनीप्रमाणे, म्हणजे तिकडच्या हक्कनोंदीप्रमाणे, ०.२५३ हेक्टर जमीन आहे. घरात ती "आपले तीन बिघे" म्हणूनच ओळखली जाते. त्यांना एक बिघा विकायचा आहे आणि भाव ठरला पाच लाख. खरेदीखत लिहिणाऱ्याने "१ बिघा" लिहिले आणि पुढे कंसात ०.२५३ हेक्टर टाकले. कागदावर हिशोब चुकलेला दिसत नाही, कारण पक्का बिघा तेवढाच असतो. पण विकायचे होते ८४३ चौरस मीटर आणि हातून गेले २,५२९. पाच लाखांत सगळी जमीन गेली. पुढे दाखिल-खारीज, म्हणजे फेरफार, झाला की नोंदीतून नावही जाते. मग "आमचा बिघा कच्चा होता" हे वर्षानुवर्षे कोर्टात सिद्ध करत बसायचे, तेही मजुरी बुडवून.

यावर उपाय साधा आहे. खतौनीत क्षेत्र हेक्टरमध्ये असते. त्याला १०,००० ने गुणा, चौरस मीटर मिळतात: ०.२५३ चे २,५३०. आता घरचे लोक जितके बिघे सांगतात त्याने भागा. २,५३० भागिले ३ म्हणजे सुमारे ८४३. म्हणजे घरचा बिघा कच्चा आहे. भागाकार २,५२९ च्या आसपास आला तर पक्का. यातले काहीच आले नाही, तर एक तर गावाचा बिघा वेगळा आहे, नाहीतर जमिनीचा काही भाग दुसऱ्या गाटा क्रमांकावर किंवा भावकीच्या नावावर आहे. ते कळेपर्यंत सही नको.

खरेदीखतात आधी चौरस मीटर लिहावेत, मग एकर, आणि बिघा लिहायचाच तर "कच्चा, ८४३ चौरस मीटरचा" असा खुलासा करून. भावही दर चौरस मीटरने काढून पाहावा. एकरचा आकडा दोन दशांशांवर थांबवू नये: ०.६२५ चे ०.६३ केले की २० चौरस मीटर वाढतात, म्हणजे एका खोलीहून जास्त जागा. तुकडा विकत असाल तर गाटा क्रमांक, चारही बाजूंची लांबी आणि चतुःसीमा नकाशासह जोडा, कारण नुसते क्षेत्र बरोबर असले तरी रस्त्याकडची बाजू कोणाची हे त्यातून कळत नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक मुद्दा. उत्तर प्रदेश महसूल संहिता, २००६ च्या कलम ९८ नुसार अनुसूचित जातीच्या भूमिधराला आपली जमीन अनुसूचित जातीबाहेरच्या व्यक्तीला विकायची तर कलेक्टरची लेखी पूर्वपरवानगी लागते. त्या अर्जातले क्षेत्र आणि खरेदीखतातले क्षेत्र एकाच मापात, तंतोतंत जुळले पाहिजे. अर्जात कच्चा बिघा आणि खतात पक्का, असे झाले तर परवानगीचे संरक्षण कागदावरच राहते.

"गावात सगळ्यांना माहीत आहे" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. गावाला माहीत असलेले माप कोर्टात साक्षीदारांवर अवलंबून असते, आणि साक्षीदार बहुधा त्याच्याच बाजूने उभे राहतात ज्याच्या शेतावर त्यांना उद्या कामाला जायचे असते. चौरस मीटरला साक्षीदार लागत नाही.