नोंदणीची संख्या आणि खुर्चीवरील माणूस

कार्यशाळेच्या जाहिरातीचा हिशेब कार्यकारी मंडळापुढे येतो, तेव्हा बहुधा एकच आकडा वाचून दाखविला जातो: इतके रुपये खर्च झाले, इतकी नावे आली, सबब दर नावामागे इतका खर्च पडला. आमच्या मते हा हिशेब अपुरा आहे, इतकेच नव्हे तर तो दिशाभूल करणारा आहे. सभासदांच्या वर्गणीचा पैसा नावे गोळा करण्यासाठी नसून माणसे आणण्यासाठी खर्च होतो. म्हणून खर्चास भागावयाचे ते प्रत्यक्ष उपस्थितांच्या संख्येने.

उदाहरण घेऊ. समजा, डिसेंबरच्या आरंभी पैठण तालुक्यातील मोसंबी बागायतदारांसाठी आंबे बहाराच्या ताणाविषयी एक दिवसाची कार्यशाळा भरवावयाची आहे. ताण कमी पडला तर फुले नीट येत नाहीत, अधिक झाला तर झाड खचते. म्हणून हा विषय ज्याच्या बागेस लागू आहे त्याच्या कानी वेळेवर पडणे अगत्याचे आहे. यासाठी फेसबुकवर दोन जाहिराती दिल्या आणि प्रत्येकीवर ४,००० रुपये खर्चिले. पहिलीत बोट लावताच नाव व दूरध्वनी क्रमांक आपोआप भरला जातो; वाचणाऱ्याने केवळ मान्यतेची कळ दाबावयाची. दुसरीत गाव व झाडांची संख्या स्वतः लिहावी लागते आणि शेवटी माहिती पुन्हा पाहून ती पक्की करावी लागते.

पहिलीतून २०० नावे आली; दर नावामागे २० रुपये. दुसरीतून अवघी ६४. दर नावामागे साडेबासष्ट रुपये. येथेच हिशेब थांबविला, तर पुढील वेळी सारा पैसा पहिलीवर लावण्याचा ठराव होणार हे उघड आहे. परंतु कार्यशाळेच्या दिवशी पहिलीतील १६ व दुसरीतील ३२ बागायतदार हजर राहिले. म्हणजे पहिलीत दर उपस्थितामागे २५० रुपये पडले, दुसरीत १२५. स्वस्त वाटलेली जाहिरातच दुप्पट महाग ठरली. शिवाय २०० नावांच्या भरवशावर जेवण सांगितले असेल, तर ते नुकसान निराळेच.

असे का व्हावे? जाहिरात दाखविणाऱ्या यंत्रणेस आपण जे मागतो तेच ती शोधते. नुसती नोंदणी मागितली, तर दिसेल ती कळ दाबण्याची ज्यांना सवय आहे अशा लोकांकडे ती वळते. त्यातही जाहिरातीचे वर्तुळ छत्रपती संभाजीनगर शहराभोवती आखले, तर वाळूजचा कामगार आणि सिडकोतील विद्यार्थी यांच्याच हाती ती प्रथम पडते. वर्तुळाचा मध्य पैठण किंवा पाचोड येथे धरावा. नमुना निवडताना `Higher intent` हा प्रकार घ्यावा, म्हणजे पक्के करण्याची पायरी मिळते. आणि झाडांच्या संख्येचा प्रश्न अवश्य ठेवावा.

हा हिशेब ठेवण्यास फारसे श्रम नाहीत. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या जाहिरातीतून आले याची खूण करावी. आदल्या दिवशी सर्वांस दूरध्वनी करावा. हे दोन्ही याद्यांस सारखेच केले पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरते. दारातील वहीत नावापेक्षा दूरध्वनी क्रमांक महत्त्वाचा, कारण एकाच गावात एका नावाचे तिघे असतात. यादीत नाव नसता कोणी आला, तर त्यास कोठून कळले हे विचारावे. शेजाऱ्याने सांगितले असेल, तर त्याची गणना जाहिरातीत करू नये. सभा घरबसल्या मोबाइलवर ऐकण्याची असेल, तर दोन मिनिटे डोकावून गेलेल्यास उपस्थित म्हणू नये. निदान अर्धा वेळ जो थांबला तोच उपस्थित, हा नियम आधीच ठरवावा.

या मोजमापासही मर्यादा आहे. एकीतून ५ आले आणि दुसरीतून ७, एवढ्यावरून निर्णय करणे घाईचे होईल. दोन-तीन कार्यशाळांचा हिशेब एकत्र पाहावा. तसेच शेतपंपाची वीज त्याच वेळी आली किंवा आठवडे बाजार त्याच दिवशी पडला, तर दोन्ही याद्या रोडावतात. तो दोष जाहिरातीचा नव्हे, आपण निवडलेल्या दिवसाचा.

कोणी म्हणतील की नावे अधिक असणे बरेच. आज न आलेला उद्या येईल. येईलही, पण त्याचा खर्च तो येईल त्या दिवशी मांडावा. बियाणे किती पेरले यावर कोणी शेतकरी पीक मोजीत नाही; खळ्यावर आले ते मोजतो. मंडळाच्या पुढील अहवालात नोंदणीच्या आकड्याशेजारी उपस्थितीचा व दर उपस्थितामागील खर्चाचा रकाना असावा, अशी आमची सूचना आहे.