‘हो ना?’ विचारलं की ‘हो’च येतं

यूट्यूबवर आपल्या भागातले चॅनेल बघणाऱ्यांना ही पोस्ट ओळखीची वाटेल : “मित्रांनो, आपल्या मायबोली मराठीत आणखी व्हिडिओ यायला हवेत, नाही का?” खाली तीन पर्याय. ‘हो, नक्कीच’, ‘हो, पण हिंदीही चालेल’ आणि ‘नाही’. समजा, पांढुर्ण्याच्या एखाद्या चॅनेलने ही पोस्ट टाकली आणि दोनशे मतांपैकी एकशे सत्तर पहिल्या पर्यायाला पडली. चॅनेलवाला खुश. पुढचे चार व्हिडिओ तो शुद्ध मराठीत करतो, आणि लोक दुसऱ्या मिनिटालाच निघून जातात. मग तो म्हणतो, “आपल्या लोकांना मराठीची कदरच नाही.”

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक खोटं बोलले नाहीत. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं, आणि विचारलं होतं ‘तुम्ही मराठीच्या बाजूचे आहात ना?’ हे.

पांढुर्णा-सौसरमध्ये हा प्रश्न साधा नाही. 1956 साली विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. म्हणून सौसर-पांढुर्ण्यात घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी, असं चालत आलं आहे. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कामकाजाची भाषा तीच राहिली. अशा ठिकाणी ‘मायबोली’ हा शब्द प्रश्नात घातला की प्रश्न व्हिडिओचा राहतच नाही. ‘नाही’ वर बोट ठेवायचं म्हणजे आईला नाही म्हटल्यासारखं वाटतं. आपलं मत चॅनेलवाल्याला दिसत नाही हे माहीत असूनही तसं वाटतं, कारण लाज दुसऱ्याचीच असते असं नाही, स्वतःचीही असते.

वरची पोस्ट पुन्हा वाचा. ‘यायला हवेत’ म्हणून उत्तर आधीच दिलं आहे. ‘नाही का’ म्हणून मान डोलवायला लावली आहे. आणि तीन पर्यायांपैकी दोन ‘हो’ आहेत. डोळे मिटून बोट लावलं तरी तीनात दोनदा ‘हो’च यायचं.

शब्दांनी आकडे किती हलतात याचं एक जुनं उदाहरण आहे. डोनाल्ड रग याने 1941 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत लोकशाहीविरुद्धच्या भाषणांबद्दल दोन सारख्या गटांना विचारलं. एकाला : अशा भाषणांना परवानगी द्यावी का? 62 टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्याला : अशा भाषणांवर बंदी घालावी का? ‘घालावी’ म्हणणारे 46 टक्केच निघाले. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच, पण ‘बंदी’ हा शब्द जड आहे आणि लोक त्याला हात लावायला कचरतात.

आता आपल्याकडे या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा रोवतात, आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक समोरासमोर दगड घेऊन उभे राहतात. रबरी चेंडू देण्याचा प्रयोग प्रशासनाने करून पाहिला, लोकांनी दगडच उचलले. या गोटमारीवर “परंपरा बंद करावी का?” असं विचारा आणि “जखमी होणारा हा खेळ असाच चालू द्यावा का?” असं विचारा. दोन चॅनेल दोन उलटे निकाल दाखवतील, आणि दोघांकडे स्क्रीनशॉट असेल. शिवाय चॅनेलला हे जाणून करायचं काय? त्याला ठरवायचंय की दिवसभराचं थेट प्रक्षेपण करायचं, की संध्याकाळी दहा मिनिटांत काय झालं ते सांगायचं. मग तेच विचारावं : “मागच्या वर्षी गोटमारीच्या दिवशी मोबाइलवर काय पाहिलं?” थेट प्रक्षेपण, छोटी क्लिप, संध्याकाळची बातमी, काहीच नाही. यात कुणाला परंपरेच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहावं लागत नाही.

मला यातलं मुख्य सूत्र हेच वाटतं : इच्छा विचारू नका, मागची कृती विचारा, आणि तीही जवळची. ‘तुम्हाला काय आवडेल’ याला माणूस आपल्याला जसं व्हायचंय तसं उत्तर देतो. ‘काल काय पाहिलं’ याला जसं आहे तसं, निदान बऱ्यापैकी तसं.

पण पर्याय कुठून आणायचे? आपल्या डोक्यातून नाही. आधी एक मोकळी पोस्ट टाका, पर्यायच नसलेली : “या आठवड्यात आपल्या भागातली कोणती बातमी ऐकली? कुठे ऐकली?” खालची उत्तरं नीट वाचली की कळतं, लोक ‘मराठी’ आणि ‘हिंदी’ अशा दोन डब्यांत विचारच करत नाहीत. कुणी लिहील, “आपल्यासारखं बोलणारा पाहिजे.” म्हणजे पुस्तकातली पुणेरी मराठी नको, घरी बोलतो ती पाहिजे, ज्यात हिंदी शब्द येतात-जातात. ‘मराठी’ या एका पर्यायात या दोन गोष्टी दडलेल्या होत्या, आणि वरच्या चॅनेलवाल्याचे चार व्हिडिओ बहुतेक तिथेच पडले.

मग मतांची पोस्ट अशी होईल :

“मागच्या आठवड्यात स्थानिक बातमीचा जो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तो कशात होता?” घरी बोलतो तशा मराठीत. पुस्तकी मराठीत. हिंदीत. एकही शेवटपर्यंत पाहिला नाही.

शेवटचा पर्याय गाळायचा मोह होतो, कारण तो आपल्याला लागतो. पण तो नसला तर त्या लोकांची मतं बाकीच्या तिघांत उगाच वाटली जातात. पर्याय ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने सगळ्यांना दिसतात, आणि वरच्याला थोडी जास्त बोटं लागतातच. म्हणून पंधरा दिवसांनी क्रम उलटा करून तोच प्रश्न पुन्हा टाकावा. निकाल फिरला, तर पहिल्या आकड्यावर काही उभारू नये.

इथे एक खरी अडचण आहे. या प्रश्नाला शंभरातले ऐंशी ‘हिंदीत’ म्हणाले, तर त्यांना हिंदीच हवी असं होतं का? नाही. संत्र्याच्या भावाचा व्हिडिओ त्या आठवड्यात हिंदीतच होता, तर माणूस बघणार काय? मागची कृती विचारली की जे बाजारात होतं तेच उत्तरात येतं. जनगणनेतही असंच काहीसं होतं. तिथे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलायची ती. त्यावरून मराठी मंडळी किती हे समजतं, पण ती आज मोबाइलवर काय ऐकतात हे त्या रकान्यातून काढता येत नाही. आणि यूट्यूबच्या उत्तरावरून त्यांची भाषा कोणती, हेही काढता येत नाही.

यावर उपाय थोडा कष्टाचा आहे. एकच बातमी, समजा सौसरच्या मंडीतला संत्र्याचा भाव, दोनदा रेकॉर्ड करायची : एकदा हिंदीत, एकदा घरच्या बोलीत. लांबी सारखी, चित्रं तीच, दिवसाची वेळ तीच, आठवडा मात्र वेगळा. मग किती जणांनी उघडला हे न बघता, उघडणारे सरासरी किती वेळ थांबले ते बघायचं. भाव चढला-उतरला की बातमीची ओढही बदलते, म्हणून एका जोडीने भागत नाही, तीन-चार जोड्या कराव्या लागतात.

तरीही ही सगळी उत्तरं त्यांचीच, ज्यांच्यापर्यंत पोस्ट पोचली. नागपुरात नोकरीला असलेला पांढुर्ण्याचा मुलगा गावाच्या आठवणीने मत देईल, आणि त्याची आई, जिच्या बोलीबद्दल हा सगळा खटाटोप, ती यूट्यूब बघते पण पोस्टच्या पानावर कधी जात नाही. तिला विचारायचं तर बाजाराच्या दिवशी तिच्याशेजारी बसून, तिच्या मोबाइलवर शेवटचं काय चाललं होतं ते तिलाच दाखवायला सांगावं लागेल.