भागीदार शेवटच्या पाटावर



मागच्या अंकानंतर दोन-तीन तरुण वाचकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने तर तो फोनवरच विचारला. "काका, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेअर पाच रुपयांवर आला, तर घेऊन ठेवायला काय हरकत आहे? नवा मालक आला की वर जाईलच ना?" या प्रश्नाचं उत्तर डीएचएफएल म्हणजे दिवाण हाउसिंग फायनान्स या मुंबईच्या कंपनीच्या गोष्टीत सापडतं, म्हणून आज तीच सांगतो.

ही घरकर्ज देणारी जुनी कंपनी होती. लोक तिच्यात मुदत ठेवी ठेवायचे, बँका तिला कर्ज द्यायच्या, आणि तिचा शेअर बाजारात जोरात होता. सप्टेंबर 2018 मध्ये एका शुक्रवारी तो एकाच दिवसात 40 टक्क्यांहून जास्त कोसळला. पुढे कंपनीला देणी भागवता येईनात. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला आणि डिसेंबरमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं. दिवाळखोरी कायद्याखाली आलेली ही पहिलीच वित्त कंपनी.

देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे सुमारे 87 हजार कोटींचे होते. पिरामल समूहाची बोली होती 34,250 कोटींची, आणि तीसुद्धा सगळी रोख नव्हती; निम्म्याहून जास्त रक्कम पुढच्या वर्षांत फेडायच्या रोख्यांत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भागधारकांचं भवितव्य वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांचं देणं आधी लागतं त्यांचंच रुपयामागे चाळीस पैशांच्या आसपास भागत असेल, तर मालकीचा वाटा असणाऱ्यांपर्यंत काय पोचणार?

तरीही 7 जून 2021 ला न्यायाधिकरणाने योजना मंजूर केल्याची बातमी आली आणि शेअर चढला! वीस रुपयांच्या आसपास लोक तो विकत घेत होते. 'पिरामल आले' एवढंच त्यांनी ऐकलं होतं. योजनेत मात्र जुने सगळे शेअर रद्द होतील आणि त्यांचं मूल्य शून्य धरलं आहे, असं स्पष्ट होतं. 14 जूनपासून खरेदी-विक्री बंद झाली आणि शेअर बाजारातून काढला गेला. पुढे पिरामलची वित्त कंपनी डीएचएफएलमध्येच विलीन झाली. म्हणजे कायद्याच्या कागदावर जुनी कंपनी जिवंत राहिली, कर्जदारांचे हप्ते चालू राहिले, फक्त जुने भागधारक त्यातून पुसले गेले. माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे: कंपनी वाचणं आणि आपला शेअर वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पैसे कुणाला आधी मिळतात ते पाहू. आपल्या निंबर्ग्याकडच्या मंडळींना आडत दुकान माहीत आहे. तुरीचा आडत्या बुडाला की हमाल मजुरी मागतो, बँक गोदामाला कुलूप लावते, उधारीवर माल दिलेले दारात बसतात, आणि दुकानातला भागीदार? त्याच्याकडे कुणी बघतही नाही, कारण नफा झाला असता तर तो त्याचाच होता. शेअर घेतला की आपण तो भागीदार असतो, सावकार नव्हे.

कंपनी विकून-मोडून पैसे वाटायचे झाले तर दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मध्ये उतरंड दिली आहे. सगळ्यात आधी या प्रक्रियेचाच खर्च. त्यानंतर एकाच पंक्तीत दोघे: कामगारांचं मागच्या 24 महिन्यांचं देणं, आणि ज्यांनी आपलं तारण या सामायिक वाटपासाठी सोडलं अशा बँका. मग बाकी कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी कर, मग उरलेली देणी. त्याच्याही खाली प्रेफरन्स शेअरवाले, आणि अगदी तळाला आपण, साधे शेअरधारक. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा पैसा या उतरंडीत धरत नाहीत, तो कामगारांचाच मानून बाजूला ठेवतात.

समजा, एक कारखाना विकून 300 कोटी आले. प्रक्रियेचा खर्च 15 कोटी गेला, उरले 285. कामगारांचं देणं 30 कोटी आणि बँकेचं 350 कोटी, मिळून 380. दोघे एकाच पंक्तीत, म्हणून दोघांनाही 75 टक्के: कामगारांना साडेबावीस कोटी, बँकेला साडेबासष्ट वर दोनशे कोटी. हिशेब इथेच संपला. ऑफिसातले कर्मचारी, कच्चा माल देणारा व्यापारी, सरकार, सगळे रिकाम्या हाताने परतले, आणि भागधारकाचा नंबर तर सगळ्यात खाली आहे.

डीएचएफएलमध्ये मोडतोड झाली नाही, चालू कंपनी विकली गेली. तिथे पैसे कसे वाटायचे ते देणेकऱ्यांची समिती मतदानाने ठरवते, आणि मत कर्जाच्या रकमेनुसार मोजलं जातं. त्यामुळे बँकांचं पारडं जड राहिलं आणि मोठ्या मुदत ठेवीदारांच्या हाती रुपयामागे साधारण 23 पैसे आले. ठेव ही बँकेतलीच असते असं समजून निवृत्तीचे पैसे ठेवणाऱ्यांना हे फार जड गेलं, आणि मला विचाराल तर शेअरवाल्यांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. भागीदाराने जोखीम जाणून घेतलेली असते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने समितीने मंजूर केलेली योजना कायम ठेवली.

'डीलिस्ट' हा शब्द ऐकून मात्र दरवेळी घाबरू नका. मालक स्वतःहून कंपनी बाजारातून काढतो तेव्हा त्याला सेबीच्या नियमांनुसार इतरांचे शेअर विकत घ्यावे लागतात, आणि त्या वेळी राहून गेलेल्यांना पुढे वर्षभर त्याच भावाने शेअर देता येतात. असं पत्र घरी आलं तर ते कपाटात टाकून विसरू नये, एवढंच. मुदत गेली की शेअर तुमच्या नावावर राहतो पण गिऱ्हाईक सापडत नाही. नियम मोडल्याबद्दल बाजाराने काढलेली कंपनी हा तिसरा प्रकार. तिथेही प्रवर्तकाने तज्ज्ञाने ठरवलेल्या भावाने शेअर घ्यायचे असतात, पण ज्याच्याकडे काही उरलेलंच नाही त्याच्याकडून वसूल काय होणार? दिवाळखोरी योजनेतून शेअर रद्द झाले तर हे संरक्षण लागू होत नाही, कारण ती वाट सेबीच्या त्या नियमांतून वगळलेली आहे.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं: दिवाळखोरीतल्या कंपनीचा भाव बघण्याआधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तिने दिलेल्या घोषणा उघड. मान्य झालेले दावे किती आणि बोली किती, हे दोनच आकडे शोध. बोली दाव्यांपेक्षा कमी असेल, तर योजनेत जुन्या शेअरचं काय होणार ते वाक्य शोधून वाच. तो म्हणाला, "पण काका, भाव तर रोज हलतोय." हलतो, कारण व्यवहार बंद होईपर्यंत कुणीतरी कुणाला तरी विकत असतो.