भांडवल सजावटीस की सबुरीस?

पदवीनंतर पुण्यात स्वतंत्र दवाखाना थाटणाऱ्या नवोदित वैद्यांचे भांडवल बहुधा उद्घाटनापूर्वीच आटते, असे आम्हांस दिसते. समजा, जवळ ३ लाख रुपये आहेत आणि भाडे व मदतनीस मिळून मासिक खर्च २० हजार आहे. अनामत, फर्निचर व औषधसाठ्यात २ लाख गेले, तर उरलेले ५ महिन्यांत संपतात. १ लाखात भागविले, तर १० महिने तग धरता येतो. आमवाताच्या रुग्णास गुण येऊन त्याने शेजाऱ्यास पाठवीपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणून पेठेतील महाग गाळ्यापेक्षा धायरीसारख्या उपनगरात वस्तीलगतची लहान खोली बरी. औषधसाठा शेजारच्या विक्रेत्याने सांभाळावा. नोंदवहीत नव्या नावांपेक्षा फेरतपासणीस परतलेली नावे आम्ही महत्त्वाची मानतो. दवाखाना त्यांवरच उभा राहतो.